दिवसाची नो एंट्री: ट्रेलरचा हिशेब सकाळपासून उलटा मांडा

प्रश्न: आमचं गोडाऊन शहराच्या मधोमध आहे. सकाळी ८ ते रात्री १० जड वाहनांना नो एंट्री. ३०० किलोमीटरवरून ट्रेलर येतो, दुपारी हद्दीवर पोचतो आणि दिवसभर उभा राहतो. रात्री आत घेतला तरी कधी कधी सकाळी आतच अडकतो. परमिट काढावं, छोट्या गाड्यांत माल बदलावा, की वेळ बदलावी? शिवाय काही गाड्या शहराच्या पलीकडच्या कारखान्यात जातात, त्या कुठून वळवाव्यात?

उत्तर:

आधी वेळ बदला. त्यानंतरही गाडी अडकत राहिली तर माल उतरवायची पद्धत बदला. परमिट आणि छोट्या गाड्या यांचा विचार तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर करा. हा क्रम मी का लावतो ते सांगतो, पण त्यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गोडाऊनचं हद्दीपासूनचं अंतर, हमालांची संख्या आणि गाडी लावायची जागा यावर ते बदलतील. स्वतःचे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडा.

रात्री १० ते सकाळी ८ म्हणजे १० तास हातात आहेत असं सगळे धरून चालतात. ट्रेलरला मात्र ८ वाजता हद्दीच्या बाहेर असावं लागतं, आणि सकाळचा रस्ता रात्रीसारखा मोकळा नसतो. म्हणून सुरुवात सकाळी ८ पासून करायची आणि मागे मागे यायचं.

समजा, गोडाऊन हद्दीपासून १४ किलोमीटर आत आहे. रात्री ताशी २० किलोमीटरचा वेग पडला तर आत यायला ४२ मिनिटं लागतात. सकाळी साडेसहानंतर शाळेच्या बस, दूधवाले, कामावर निघालेले लोक रस्त्यावर येतात, म्हणून परतीला एक तास धरा. वर अर्धा तास राखीव ठेवा, कारण रेल्वे फाटक किंवा बंद पडलेली एक गाडी तेवढा वेळ सहज खाते. म्हणजे ट्रेलर गोडाऊनमधून सकाळी साडेसहाला सुटलाच पाहिजे.

आता माल उतरवणं. २४ टन माल ५० किलोच्या गोण्यांत आहे असं धरू. एकूण ४८० गोण्या झाल्या. सहा हमाल आहेत, दोघं वर उभे राहून गोणी पाठीवर देतात आणि चौघं वाहतात. थप्पी ३० मीटरवर असेल तर गोणी नेऊन, ठेवून परत यायला दीड मिनिट लागतं. चौघांच्या मिळून ३ मिनिटांत ८ गोण्या होतात. ४८० गोण्यांना ३ तास. मधली विश्रांती अर्धा तास, दोर सोडून ताडपत्री काढायला आणि शेवटी पुन्हा घडी घालायला अर्धा तास, गोण्या मोजून बिल्टीवर सही-शिक्का व्हायला २० मिनिटं. झाले ४ तास २० मिनिटं.

साडेसहातून ४ तास २० मिनिटं वजा केली की उरतात पहाटेचे २ वाजून १० मिनिटं. तेव्हा ट्रेलर धक्क्याला लागलेला हवा. त्यातून ४२ मिनिटं काढली की हद्द ओलांडायची शेवटची वेळ येते रात्री १ वाजून २८ मिनिटं. दहा तासांची वाटणारी खिडकी आत येण्यापुरती साडेतीन तासांचीच निघाली. त्यानंतर पोचलेला ट्रेलर आत घेऊच नये. नाक्यावर त्याला कोणी अडवणार नाही, पण सकाळी तो आत सापडेल.

या हिशेबातून तुमच्या ‘कधी कधी अडकतो’चंही उत्तर मिळतं. एका रात्री दोन ट्रेलर आले की काय होतं ते पाहा. दोघंही १० वाजता हद्दीवर रांगेत आहेत, साडेदहाला सुटले, ११ वाजून १२ मिनिटांनी गोडाऊनला पोचले. पहिला धक्क्याला लागला, तो ३ वाजून ३२ मिनिटांनी रिकामा झाला. मग दुसरा लागला, आणि तो रिकामा होतो ७ वाजून ५२ मिनिटांनी. आठ मिनिटांत १४ किलोमीटर कोण जाणार? ड्रायव्हर वेळेत आला होता, हमालांनी कामचुकारपणा केला नाही, नाक्यावरही कोणी त्रास दिला नाही. एका धक्क्यावर, एका टोळीने, गोणी-गोणीने एका रात्री एकच ट्रेलर खाली होतो. ज्या रात्री दोन बोलावले त्या रात्री दुसरा अडकणार हे दुपारीच ठरलेलं असतं. तुमच्या नोंदवहीत अडकलेल्या तारखा काढा आणि त्या रात्री किती गाड्या होत्या ते बघा. बहुतेक वेळा एवढ्यावरच उलगडा होतो.

आता तोच माल पॅलेटवर आला तर? २० गोण्यांचं एक पॅलेट, म्हणजे एक टन. २४ पॅलेट, फोर्कलिफ्टला एका फेरीला ३ मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. ताडपत्री आणि दोर अर्धा तास, मोजणी-कागद २० मिनिटं. सगळं मिळून २ तास २ मिनिटं. पहिला ट्रेलर १ वाजून १४ मिनिटांनी मोकळा, दुसरा ३ वाजून १६ मिनिटांनी, तिसरा ५ वाजून १८ मिनिटांनी. तिन्ही साडेसहाच्या आत सुटतात. त्याच खिडकीत एकाऐवजी तीन. चौथा मात्र नको, तो ७ वाजून २० मिनिटांवर जातो. म्हणूनच परमिटच्या आधी मी माल उतरवण्याकडे बघायला सांगतो. पॅलेट पाठवणाऱ्याकडूनच भरून यायला हवीत, एवढीच अट आहे. गोण्या तुमच्याकडे आल्यावर पॅलेटवर रचल्या तर वेळ वाचत नाही, फक्त तो ट्रेलरच्या आतून ट्रेलरच्या बाहेर सरकतो.

पॅलेट जमत नसेल तर दुसरी टोळी लावा, पण त्याआधी फाळक्यापाशी उभं राहून बघा. ट्रेलर फक्त मागून उघडत असेल तर दोन टोळ्या एकमेकांच्या पायात येतात आणि वेळ निम्मा होत नाही. बाजूचे फाळके पडत असतील आणि दोन्हीकडे वाट असेल तरच दुसऱ्या टोळीचा पूर्ण फायदा मिळतो. थप्पी ३० मीटरवरून १५ मीटरवर आणणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे. त्या रात्री येणाऱ्या मालाची जागा संध्याकाळीच धक्क्याजवळ मोकळी करून ठेवायची आणि आतली मांडणी दिवसा करायची. दिवसा गोडाऊनच्या आत काम करायला नो एंट्री नाही.

हद्दीवर दहाला पोचू नका

सगळ्यांना एकच वेळ माहीत असते, म्हणून सगळे एकाच वेळी येतात. नऊपासून कडेला गाड्या लागू लागतात आणि दहाला सगळ्या एकदम सुटतात. समजा १२० गाड्या उभ्या आहेत. नाक्यावर कोणी अडवत नसलं तरी आतला पहिला सिग्नल अडवतो. भरलेला ट्रक जागेवरून हलून रेषा ओलांडेपर्यंत हिरव्या दिव्याची पाचेक सेकंदं खातो. दोन मिनिटांच्या फेरीत ४० सेकंदं हिरवा मिळत असेल तर एका लेनमधून दर फेरीला ८ ट्रक जातात, तासाला २४०. म्हणजे १२० गाड्यांना अर्धा तास. रांगेच्या शेपटाला असलेला ड्रायव्हर दहाला पोचला काय आणि साडेदहाला पोचला काय, आत शिरतो एकाच वेळी.

तुमची शेवटची वेळ १:२८ आहे. मग पावणेअकराला आलेला ट्रेलर काहीच गमावत नाही, त्याला रांग लागत नाही. फक्त रात्री एकापेक्षा जास्त गाड्या असतील तेव्हा पहिली गाडी लवकर लागली पाहिजे. तिला पुढे ठेवा आणि बाकीच्यांना दोन-दोन तासांच्या अंतराने बोलवा. धक्का रिकामा नसताना गल्लीत उभा असलेला ट्रेलर शेजाऱ्यांची झोप मोडतो, आणि रात्रीच्या तक्रारी वाढल्या की रात्रीची मुभाही धोक्यात येते.

दिवसभर उभं राहणं टाळता येणार नाही, पण ते कुठे आणि कसं हे तुमच्या हातात आहे. हद्दीवरच्या रांगेत ड्रायव्हर झोपत नाही. पुढची गाडी सरकली की त्याला सरकावं लागतं, नाहीतर मागचा हॉर्न वाजवतो. डिझेल आणि बॅटरीवर डोळा ठेवावा लागतो, शौचालय असेलच असं नाही. असा दिवस काढून तो रात्री शहरात शिरतो, चार तास माल उतरताना जागा राहतो आणि पहाटे परत निघतो. अपघाताची वेळ तीच.

म्हणून निघण्याची वेळही उलटीच काढायची. ३०० किलोमीटरला ताशी सरासरी ४० धरली तर साडेसात तास गाडी चालवणं आहे. हद्दीच्या ५० किलोमीटर अलीकडे, जिथे गाडी आत घेता येते, पाणी आहे आणि रात्री दिवे आहेत, असा थांबा ठरवा. पहाटे ५ ला निघालेली गाडी २५० किलोमीटर सव्वासहा तासांत करते, चहा-जेवण सव्वा तास धरला तर साडेबाराला थांब्यावर. तिथे साडेनऊपर्यंत सलग ९ तास आराम. मग उरलेले ५० किलोमीटर सव्वा तासात, आणि पावणेअकराला हद्द. गाडी तितकाच वेळ उभी राहिली, पण ड्रायव्हर झोपून आला. त्याच्या कामाच्या तासांचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. युरोपीय संघात रोजची विश्रांती ११ तासांची, ठरावीक वेळाच ती ९ वर आणता येते. तुमच्याकडचा आकडा बघून थांबा मागेपुढे करा. एक लक्षात ठेवा, रांगेत स्टिअरिंगमागे बसून काढलेला वेळ कागदावर विश्रांती म्हणून लिहिला तरी शरीर तो तसा मोजत नाही.

ट्रान्सपोर्टवाल्याला ‘संध्याकाळपर्यंत पोचव’ असं सांगू नका. त्याला दोन वेळा द्या: रात्री पावणेअकराच्या आधी हद्दीवर नको, आणि एक वाजून पंचवीस मिनिटांनंतर आत नको. दुसरी वेळ चुकली तर गाडी थांब्यावरच राहील आणि हॉल्टिंग कोणाच्या नावावर पडेल, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या.

आदेश शब्दशः वाचा

नाक्यावरच्या पाटीवर मूळ आदेशाचा सारांश असतो. लाल वर्तुळात ट्रकचं चित्र आणि खाली वेळेची छोटी पाटी, ही पद्धत १९६८च्या व्हिएन्ना करारामुळे बऱ्याच देशांत सारखी दिसते. तुमचा निर्णय मात्र आदेशातल्या तीन शब्दांवर ठरतो.

पहिला शब्द ‘जड’. तो बहुधा गाडीच्या नोंदणीवर लिहिलेल्या कमाल एकूण वजनावर ठरतो. गाडीत प्रत्यक्ष किती माल आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे ‘गाडी तर रिकामी आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. परतीचा रिकामा ट्रेलर साडेआठला नाक्यावर सापडला की दंड तोच. काही ठिकाणी लांबी किंवा आसांची संख्या ही कसोटी असते, मग वजनाने बसणारी गाडी लांबीने अडते.

दुसरा शब्द ‘प्रवेश’ की ‘वाहतूक’. बंदी फक्त प्रवेशावर असेल तर आत असलेली गाडी बाहेर पडायला मोकळी असू शकते. वाहतुकीवर असेल तर ८ नंतर चाक हलवणंच गुन्हा. दोन्ही प्रकारांत स्वतःच्या आवारात, रस्त्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीला सहसा अडचण नसते. म्हणून साडेसहाची वेळ चुकली आणि काम सातच्या पुढे गेलं, तर ड्रायव्हरला धावपळ करायला लावू नका. गाडी आवारातच ठेवा, माल निवांत उतरवा, ड्रायव्हरला झोपू द्या आणि रात्री दहाला बाहेर काढा. एक दिवस गेला, पण ८ वाजता शाळेसमोर अडकलेला ट्रेलर यापेक्षा महाग पडतो. आवारात अशी जागा नसेल तर साडेसहाची रेषा आणखी कडक पाळावी लागेल.

तिसरी गोष्ट म्हणजे बंदी भागावर आहे की रस्त्यांवर. भागावर असेल तर हद्दीच्या आतलं सगळंच बंद. ठरावीक रस्त्यांवर असेल तर एखादा औद्योगिक रस्ता दिवसभर उघडा असतो, आणि गोडाऊनच्या मागच्या दाराने त्याला पोचता येतं का हे पाहण्यासारखं असतं. सुटीच्या दिवशी बंदी लागू आहे का तेही वाचा. ज्या आदेशात ‘कामकाजाचे दिवस’ लिहिलेलं असतं तिथे रविवारी दिवसा गाडी आणता येते, आणि बऱ्याच जणांनी ती ओळ वाचलेलीच नसते.

परमिट आणि छोट्या गाड्या

परमिट मिळत असेल तर जरूर घ्या, पण कशासाठी ते ठरवून. सुटी करून न आणता येणारी यंत्रं, क्रेन लागणारा माल, वेळेत न ओतल्यास वाया जाणारं काँक्रीट यासाठी त्याला अर्थ आहे. रोजच्या गोण्यांसाठी दिवसाचं परमिट मिळालं तरी दुपारच्या गर्दीत १४ किलोमीटरला सव्वा-दीड तास लागतो आणि गल्लीत ट्रेलर वळवताना रस्ता बंद होतो. परमिट फुकट जाण्याचं नेहमीचं कारण फार साधं आहे. ते गाडीच्या क्रमांकावर असतं आणि ट्रान्सपोर्टवाला आयत्या वेळी दुसरी गाडी लावतो. माल भरला की क्रमांकाचा फोटो मागवा, परमिटशी ताडून पाहा, मगच गाडी सोडा.

परमिट म्हणजे वाटेल त्या रस्त्याने जायची मुभा, हाही गैरसमज आहे. लंडनमध्ये १९८५ पासून १८ टनांपेक्षा जड गाड्यांवर रात्री आणि शनिवार-रविवारी नियंत्रण आहे, म्हणजे आपल्या चर्चेच्या बरोबर उलट वेळा. तिथे परमिट असलेल्या गाडीनेही मोकळ्या ठेवलेल्या मोठ्या रस्त्यांवरूनच शक्य तितकं जवळ यायचं आणि नियंत्रित रस्त्यावर कमीत कमी अंतर कापायचं, अशी अट आहे. ही अट तुमच्याकडे लिहिलेली नसली तरी रस्ता ठरवताना हाच नियम वापरा. एकूण अंतर वाढलं तरी चालेल, पण अरुंद रस्त्यावरचं अंतर कमी असलं पाहिजे.

छोट्या गाड्यांचा हिशेब असा. २४ टन माल ३ टनांच्या गाड्यांत, म्हणजे ८ फेऱ्या. भरायला अर्धा तास, दिवसा जायला पाऊण तास, उतरवायला अर्धा, परत पाऊण. एक फेरी अडीच तासांची. तीन गाड्या लावल्या तर तीन चकरा, साडेसात तास. ट्रेलरची २८ किलोमीटरची एक जा-ये होती, तिच्या जागी शहरात २२४ किलोमीटर धावणं झालं. प्रत्येक गोणी दोनदा जास्त हाताळली गेली, फुटणाऱ्या मालाला ते सोसत नाही. मोठ्या गाड्यांवर बंदी आली की छोट्या गाड्या वाढतात, हे कोणत्याही शहरात दिसतं आणि त्यामागचं गणित एवढंच आहे. तुमचं एकच गोडाऊन असेल तर हा मार्ग घेऊ नका. तोच माल वीस दुकानांत जाणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हद्दीबाहेर छोटं गोडाऊन घेऊन तिथूनच वाटप करा, मधलं गोडाऊन मग लागतच नाही.

बंदीची वेळ ताणली की काय होतं याचं उदाहरण मनिलात मिळतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या शहर प्रशासनाने पहाटे ५ ते रात्री ९ ट्रकबंदी लावली, नंतर दिवसा काही तास सूट दिली. बंदरातून कंटेनर उचलायला वेळच पुरेना, धक्क्यावर ढीग साचला आणि सप्टेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. बंदर दिवसरात्र चालत होतं, तरी माल निघायचा तो ट्रकच्या खिडकीएवढाच. तुमच्या गोडाऊनचं गणित तेच आहे, फक्त लहान प्रमाणावर.

रात्री काम वाढवणार असाल तर आवाजाकडे लक्ष द्या. नेदरलँड्समध्ये रात्री ११ ते सकाळी ७ च्या डिलिव्हरीसाठी गाडीपासून साडेसात मीटरवर ६० डेसिबल ही मर्यादा वापरतात. साधं बोलणंही जवळजवळ तेवढं भरतं, म्हणजे किती कमी ते बघा. इंजिनापेक्षा फाळका आपटण्याचा, साखळीचा आणि फोर्कलिफ्ट लोखंडी पाटावरून जाण्याचा आवाज लोकांना उठवतो. पाटाखाली जाड रबर, साखळीवर कापडी पट्टा आणि फाळका हाताने धरून खाली, एवढं केलं तरी फरक पडतो.

पलीकडच्या कारखान्याची गाडी

ही गाडी रात्रीसुद्धा शहरातून नेऊ नका. शहरातून १६ किलोमीटर आणि बायपासने ३८ असं अंतर असलं तरी रात्री दहाची वाट बघत थांबण्यापेक्षा दुपारी बायपासने तासाभरात पलीकडे जाणं केव्हाही बरं. बायपासवर बंदी नसेल तर या गाडीला थांबायचं कारणच नाही. अडचण येते ती बायपासच्या दोन टोकांना. जिथे महामार्गावरून बायपास फुटतो तिथे ड्रायव्हर सरळ जातो, आणि जिथे बायपास सोडून कारखान्याकडे वळायचं असतं तिथे शेवटच्या तीन-चार किलोमीटरांवर गाडी अडते.

पहिल्या टोकाला फोनवरचा नकाशा चुकवतो, कारण तो सहसा मोटारीसाठी जवळचा रस्ता दाखवतो. ट्रकची उंची, वजन आणि नो एंट्रीची वेळ त्याला माहीत नसते. म्हणून ड्रायव्हरला एक कागद द्या. त्यावर फाट्याच्या अलीकडची ठळक खूण लिहा, फाट्याची नको. भरलेला ट्रेलर फाटा दिसल्यावर लेन बदलू शकत नाही. खूण किलोमीटरभर आधीची हवी. फाटा चुकलाच तर परत फिरायची शेवटची जागा कोणती, तेही त्यावर असू द्या. ती जागा नो एंट्रीच्या पाटीच्या आधी आहे का हे एकदा स्वतः जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी पाटी अशा जागी असते की ती दिसेपर्यंत वळायला जागा उरलेली नसते, आणि मग ड्रायव्हर नियम मोडून पुढे जातो किंवा भर रस्त्यात मागे घेत बसतो.

दुसऱ्या टोकाला उंची आणि वळण तपासा. पुलाखालची उंची पाटीवर लिहिलेली असते, पण रस्त्यावर नवा डांबराचा थर चढला की ती काही इंच कमी होते. भरलेल्या गाडीची उंची ताडपत्रीसकट टेप लावून मोजा, आणि सगळ्यात खालच्या तुळईपेक्षा ३० सेंटीमीटर तरी अंतर राहत नसेल तर तो रस्ता सोडा.

वळणाचं गणित थोडं बारकाईने बघण्यासारखं आहे. युरोपात अशा गाड्यांसाठी नियम आहे की गाडीला बाहेरून साडेबारा मीटर आणि आतून ५.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळांमधल्या पट्ट्यात पूर्ण फिरता आलं पाहिजे. तो पट्टा ७.२ मीटरचा झाला, म्हणजे साधारण दोन लेन. इतकी जागा का लागते? मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापतात. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.८ मीटर, किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खिळीपासून, मागच्या आसांच्या मध्यापर्यंत ८ मीटर, आणि पुढचा आस साडेबारा मीटर त्रिज्येने वळतोय असं धरा. साडेबाराच्या वर्गातून ३.८ आणि ८ चे वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की ८.८ मीटर येतात. मागची चाकं पुढच्यांपेक्षा ३.७ मीटर आतून जातात. पूर्ण गोल फिरताना एवढं, काटकोनी वळणात त्याहून थोडं कमी. तरी आतली जवळजवळ एक लेन मागची चाकं घेतात, आणि ती लेन ड्रायव्हरला आरशात वळणाच्या मध्यावर दिसत नाही. कोपऱ्यावर सायकलवाला किंवा दुचाकी तिथेच उभी असते.

वळण जमणार की नाही हे कोपऱ्याच्या कडेच्या दगडावरून ओळखता येतं. कोपऱ्याचा दगड फुटलेला, त्यावर टायरचा काळा पट्टा, खांबाला कमरेच्या उंचीवर ओरखडे दिसले तर तिथून मोठ्या गाड्या कशाबशा वळतात असं समजा. डावीकडून वाहतूक चालते तिथे डावं वळण सगळ्यात अवघड, कारण ते सगळ्यात आखूड असतं. अशा वेळी कारखाना ओलांडून पुढच्या मोठ्या चौकातून फिरून यायचं आणि रुंद उजव्या वळणाने आत घ्यायचं. दोन किलोमीटर वाढतात. कारखान्याचं फाटक रस्त्यालगत असेल तर तेही मोजून घ्या. फाटक बंद असताना ट्रेलर पूर्ण रस्त्याबाहेर उभा राहू शकत नसेल, तर गाडी बायपास सोडायच्या आधी ड्रायव्हरने फोन करावा आणि फाटक उघडल्याचं कळल्यावरच वळावं.